"थोडक्यात, पण सविस्तर": लोणारचा एक परिच्छेद आणि चौथी फेरी

वऱ्हाडी_वाट

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

आम्ही काही जण मिळून शाळाशाळांतून फिरवायला एक प्रदर्शन तयार करतोय. विषय महाराष्ट्राची भूरूपं. प्रत्येक फलकावर एक मोठा फोटो, एक नकाशा किंवा आकृती आणि एकच परिच्छेद. वाचणारी मुलं सातवी ते नववीची. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आहे. बाकीचे फलक पार पडले, लोणारचा अडकलाय.

पहिला मसुदा असा होता:

"लोणार सरोवर हे बुलडाणा जिल्ह्यातील एक अत्यंत महत्त्वाचे, जगप्रसिद्ध आणि निसर्गरम्य असे सरोवर आहे. फार प्राचीन काळी अवकाशातून आलेली एक प्रचंड उल्का या ठिकाणी प्रचंड वेगाने आदळली व त्यामुळे हे विवर तयार झाले, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात असे विवर तयार होणे ही जगातील अत्यंत दुर्मीळ घटना मानली जाते. सरोवराचे पाणी खारट असून त्यात विविध प्रकारचे सूक्ष्मजीव आढळतात. सरोवराच्या परिसरात अनेक प्राचीन मंदिरे असून त्यांचे शिल्पकाम पाहण्यासारखे आहे. लोणारविषयी लवणासुराची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. या सरोवराला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेला असून त्याचे जतन करणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे."

नव्वद शब्द. शेरा आला: "फार लांब. साठच्या आत बसवा." मी छाटलं:

"लोणार हे बुलडाणा जिल्ह्यातील जगप्रसिद्ध सरोवर आहे. फार प्राचीन काळी एक प्रचंड उल्का आदळून ते तयार झाले. बेसाल्ट खडकातील असे विवर अत्यंत दुर्मीळ आहे. सरोवराचे पाणी खारट आहे. परिसरात अनेक प्राचीन मंदिरे असून लवणासुराची आख्यायिका प्रसिद्ध आहे. सरोवराचे जतन करणे आपले कर्तव्य आहे."

त्रेचाळीस शब्द. शेरा: "त्रोटक झालंय. केवढं मोठं, किती जुनं, पाणी गुलाबी का झालं, काहीच नाही." मग मी हे सगळं घातलं, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीचं घातलं, मंदिरांची नावंही घातली. तो तिसरा मसुदा इथे देत नाही, शंभराच्या वर गेला होता. त्यावर शेरा: "अजून लहान हवं, पण माहिती आणखी वाढवा." आणि आता चौथ्या फेरीत एक जण म्हणतात, "खरं सांगू का, पहिलाच बरा होता."

लहानही करा आणि वाढवाही, हे एकाच परिच्छेदात कसं करतात?

---

चहाटळ

सोपं आहे हो. विशेषणं उडवा. "अत्यंत महत्त्वाचे, जगप्रसिद्ध आणि निसर्गरम्य" यातलं एकही नसलं तरी लोणार जागेवरच राहणार आहे. जेवढे शब्द वाचतील तेवढ्यात आकडे भरा. हाकानाका.

---

फ्लेक्सवाला_नंदू

दादा मजकूर कमी करू नका, फलकाची साइज वाढवा. आमच्याकडे सहा बाय चारचं स्टँडी फ्रेमसकट बसतं. अक्षर मात्र २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका, मुलं एक मीटरवर उभी राहतात. आणि पिवळ्यावर पांढरं अक्षर कृपया नको, लोक आणतात आणि मग आमच्यावर चिडतात.

---

वऱ्हाडी_वाट

नंदूभाऊ, फलकाचं माप ठरलेलं आहे, सगळे एकाच पेटीत जातात. पण २४ पॉइंटचं बरं सांगितलंत, मांडणी करणारा मुलगाही तेच म्हणत होता.

चहाटळ, दुसऱ्या मसुद्यात विशेषणंच तर उडवली होती.

---

निळी_पेन्सिल

नाही, सगळी नाही उडवलीत. दुसरा मसुदा पुन्हा वाचा. "फार प्राचीन", "प्रचंड", "अत्यंत दुर्मीळ", "अनेक प्राचीन", "प्रसिद्ध" हे सगळे आहेत तिथेच आहेत. गेलं ते "अवकाशातून", "सूक्ष्मजीव", "दख्खनच्या". म्हणजे शब्द निम्मे झाले, पण ज्यांना वजन होतं तेच गेले. त्यावर "त्रोटक" हा शेरा येणारच होता. त्यामुळे चहाटळ यांचं अर्धं बरोबर आहे: विशेषणं काढायचीच, पण नुसती काढून जागा झाली म्हणून आकडे कोंबले की तुमचा तिसरा मसुदा होतो.

उपाय सांगण्याआधी चार गोष्टी विचारते. कोणता शेरा कोणाचा? तो देताना त्या माणसासमोर कितवा मसुदा होता? शेरे तुमच्यापर्यंत थेट आले की कोणाच्या तोंडून? आणि शेवटचा शब्द कोणाचा?

(मी मासिकात बरीच वर्षं संपादन केलं, नंतर दोन संग्रहालयांचे फलक लिहिले. फलकांनी जास्त छळलं.)

---

साहेबांचा_पीए

शीर्षक वाचून हसलो. आमच्याकडे टिप्पणीवर हाच शेरा येतो, "थोडक्यात पण सविस्तर सादर करावे". मी गेली कित्येक वर्षं एक पान टिप्पणी आणि मागे जोडपत्र अ ते ह लावतो. साहेब पहिलं पान वाचतात, जोडपत्राची जाडी बघतात, सही करतात. दोन्ही बाजू खूश.

---

ऋतुजा_ह

मी सध्या जर्मनीत पीएचडी करतेय, माझंही हेच चाललंय. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याला शब्दमर्यादा २५०. एक परीक्षक म्हणतो पद्धत नीट सांगा, दुसरा म्हणतो पद्धतीचा तपशील गोषवाऱ्यात कशाला. गाईड म्हणतात दोघांचं ऐका. मी मधलं काहीतरी केलं, तर दोघांनीही पुन्हा तोच शेरा दिला! मधलं करून कोणीच खूश होत नाही, एवढंच मला कळलं. परीक्षकांना उत्तर लिहिताना "आपली सूचना मान्य नाही" असं सभ्यपणे कसं लिहायचं, कोणाला माहीत आहे का?

---

वऱ्हाडी_वाट

निळी_पेन्सिल, तुमच्या प्रश्नांमुळे जुने मेसेज उकरले. तर असं निघालं:

"फार लांब" हे आमच्या मंडळातल्या निवृत्त भूगोल शिक्षकांचं, पहिल्या मसुद्यावर. "त्रोटक" हे ज्या बाई प्रदर्शनाचा खर्च उचलतायत त्यांचं. त्यांनी पहिला मसुदा पाहिलाच नव्हता, थेट दुसरा पाहिला. तिसऱ्या फेरीत "लहान हवं" हे मांडणी करणाऱ्या मुलाचं, कारण परिच्छेद आकृतीवर चढत होता. "माहिती वाढवा" हे पुन्हा बाईंचं, त्यांना "जगातील एकमेव" हे शब्द हवे आहेत. आमच्या समन्वयकांनी दोघांचे निरोप एका वाक्यात जोडून मला पाठवले. "पहिलाच बरा होता" हे परत सरांचं.

शेवटचा शब्द कोणाचा हे कोणी ठरवलेलंच नाही.

---

निळी_पेन्सिल

म्हणजे "लहान करा पण माहिती वाढवा" असं एकाही माणसाने म्हटलेलं नाही. ते वाक्य समन्वयकांच्या फोनमध्ये जन्माला आलं. असं फार वेळा होतं. एकाला जागेची अडचण, दुसऱ्याला मजकुराची, आणि लिहिणाऱ्याकडे येतं ते एकच कोडं.

आता शेरे सुटे करून बघा. मांडणीवाल्याची तक्रार ओळींची आहे, शब्दांची नाही. त्याला विचारा, २४ पॉइंटमध्ये त्या चौकटीत किती ओळी बसतात? मराठीत शब्द मोजून फसायला होतं. "उल्केच्या आघाताने तयार झालेले" हे चार शब्द आणि "उल्काघातनिर्मित" हा एक. आकडा उतरतो, ओळीत फारसं काही वाचत नाही, आणि सातवीतलं पोर अडखळतं ते वेगळंच. मर्यादा ओळींत मागून घ्या.

सरांची तक्रार वेगळी. त्यांनी नव्वद शब्द वाचले आणि कंटाळले. कंटाळा खरा होता, "साठच्या आत" हा त्यावरचा त्यांचा अंदाज. पहिल्या मसुद्यात पहिलं आणि शेवटचं वाक्य मिळून अठ्ठावीस शब्द आहेत आणि मुलाला त्यातून बुलडाणा जिल्हा सोडून काहीही कळत नाही. जिल्हा तर नकाशावर दिसतोच आहे. सरांना लांब वाटलं ते हेच असावं, खात्री करून घ्या. विचारताना "लांब कुठे वाटलं?" असं विचारू नका, "वाचताना कुठलं वाक्य ओलांडून पुढे गेलात?" असं विचारा. याचं उत्तर लोक बोट ठेवून देतात.

बाईंना मात्र "कोणता प्रश्न मनात राहिला?" हे विचारायचं. त्यांनी तर ते न विचारताच सांगितलंय: केवढं, किती जुनं, गुलाबी का. हे तीन प्रश्न आहेत. तुम्ही त्यात रामसर आणि मंदिरांची नावं स्वतःच्या मनाने वाढवलीत, ती कोणी मागितली नव्हती.

वाचणारा माणूस कुठे दुखतंय ते बहुधा बरोबर सांगतो. औषध मात्र त्याचं त्याचं असतं, ते जसंच्या तसं घेतलं तर प्रत्येक फेरीत नवं दुखणं.

आणि या परिच्छेदाचं खरं दुखणं मला वेगळं दिसतं. तिन्ही मसुद्यांत विषय तेच राहिले: आघात, खडक, पाणी, मंदिरं, आख्यायिका, जतन. मजकूर कमीजास्त झाला, विषयांची संख्या हलली नाही. सहा विषय चार-पाच ओळींत ठेवले की प्रत्येकाच्या वाट्याला एक गुळगुळीत वाक्य येतं. ते एका वेळी लांबही वाटतं आणि त्रोटकही! तुमचे दोन शेरे एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच, एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी आलेत. विषय दोनवर आणा, मग लहानही होईल आणि तपशीलही मावेल.

---

चहाटळ

हे पटलं. माझं वरचं विधान अर्धं मागे.

पण मंदिरं आणि लवणासुर काढलेत तर सर ओरडतील की "पहिलाच बरा होता". त्यांना पहिल्यातलं नक्की काय आवडलं होतं?

---

वऱ्हाडी_वाट

विचारलं आत्ता फोनवर. म्हणाले, "पहिल्यात वाक्यांना चाल होती, नंतरचे तुकडे तुकडे वाटतात." मंदिरांबद्दल काही बोलले नाहीत. ओलांडलेलं वाक्य विचारलं तर शेवटचं सांगितलं, कर्तव्याचं. वर म्हणाले, पहिलं वाक्य आपण वाचलं की नाही हेच आठवत नाही.

मांडणीवाला म्हणतो नऊ ओळी, एका ओळीत सात-आठ शब्द.

---

खडकफोड

मजकुराबद्दल भांडणार असाल तर आधी एक तथ्य. "जगातील एकमेव" लिहू नका, पैसे कोणीही देवोत. ब्राझीलमध्ये वारगेआव आणि विस्टा अलेग्रे ही विवरंही बेसाल्टमध्येच आहेत. ती खूप झिजलेली आहेत, लोणार त्या मानाने ताजं आणि चांगलं टिकलेलं आहे, हे म्हणता येईल.

वयाबद्दलही जपून. थर्मोल्युमिनेसन्सने काढलेलं वय सुमारे ५० हजार वर्षं येतं, आर्गॉन पद्धतीने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक आहे. बऱ्याच पुस्तकांत फक्त पहिला आकडा ठोकून दिलेला असतो.

आघाताचा पुरावा म्हणून एखादी गोष्ट हवी असेल तर मॅस्केलिनाइट. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज जबरदस्त दाबाखाली न वितळता काचेसारखं होतं. ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही. पूर्वी अनेकांना हे ज्वालामुखीचंच विवर वाटायचं, आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचाच खडक असल्यावर वाटणारच.

---

निळी_पेन्सिल

वा, हा तिसऱ्या जातीचा शेरा. आवडीनिवडीचे शेरे तोलता येतात, जागेचे शेरे मापता येतात, पण चुकीचं ते चुकीचं. त्यावर मतदान नाही. बाईंना "एकमेव" का हवं ते विचारा. बहुतेक त्यांना "हे विशेष का" याचं उत्तर हवंय. ते खडकफोड यांच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे: ज्वालामुखीच्या खडकात असून ज्वालामुखीचं नाही. परिच्छेद तिथूनच सुरू करा की.

मी एक करून बघते:

"लोणारचे विवर ज्वालामुखीचे नाही. अवकाशातून आलेली उल्का इथल्या बेसाल्टवर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. आघाताच्या दाबाने खडकातल्या काही खनिजांची काच झाली. ती काच हा आघाताचा पुरावा. हे कधी घडले यावर एकमत नाही: एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. खड्ड्यात साचलेले पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये त्यातल्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते."

सदुसष्ट शब्द, तुमच्या नऊ ओळींत काठोकाठ. पहिल्यापेक्षा तेवीस शब्द कमी. बाईंच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. विषय दोन: खड्डा कसा पडला आणि त्यातलं पाणी. "फार प्राचीन"च्या जागी दोन आकडे आलेत, "प्रचंड"च्या जागी व्यास. तपशील बेरजेने आला नाही, अदलाबदलीने आला.

रामसरचा दर्जा, २०२० सालचा, नकाशाखालच्या ओळीत जाऊ द्या. तिथे बघणारा माणूस "हे कुठे, कोणाच्या ताब्यात" असंच काहीतरी शोधत असतो.

---

साहेबांचा_पीए

म्हणजे जोडपत्र अ! मी काय वेगळं म्हणत होतो?

---

निळी_पेन्सिल

फरक एवढाच की तुमचं जोडपत्र कोणी वाचत नाही, नकाशाखालची ओळ वाचतात :)

---

चहाटळ

वाक्यं चांगली आहेत, पण सरांची "चाल" कुठे आहे? पहिली चार वाक्यं वाहतात, मग वयाचं लांबलचक वाक्य, मग पाणी आणि गुलाबी पाय आपटत येतात. मोठ्याने वाचून बघितलं, शेवटी धाप लागते. शेवटची दोन जोडली तर? "खड्ड्यात साचलेले पाणी खारे आणि अल्कधर्मी असून जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते."

---

खडकफोड

जोडा, पण कारण अर्धंच आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, म्हणून ते जीव वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून हॅलोआर्किया हे क्षारप्रिय जीव असल्याचं सांगितलं होतं. "उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले की" एवढं तरी हवं, नाहीतर मुलांना वाटेल जीव अचानक कुठून तरी आले.

---

निळी_पेन्सिल

बघा, वऱ्हाडी_वाट, आता आम्हीच तुम्हाला आणखी एक फेरी सुरू करून दिली. एक म्हणतो जोडून लहान करा, दुसरा म्हणतो कारण घाला. इथे कामाला येईल म्हणून माझी सवय सांगते.

प्रत्येक फेरीला एक वही. डावीकडे वाक्य, मग शेरा, कोणाचा, कितव्या मसुद्यावर, आणि शेवटी मी काय केलं. त्यात नवा शेरा लिहिताना लगेच दिसतं की हे आधी कोणी काढायला लावलं होतं का. असेल तर मी स्वतः निर्णय घेत नाही. दोघांना एकत्र दोन ओळी पाठवते: "मागच्या वेळी अमुक कारणासाठी हे काढलं. परत घ्यायचं तर नऊ ओळींत राहण्यासाठी यातलं कोणतं वाक्य सोडू?" आणि दोन्ही रूपं खाली शेजारी शेजारी. मधलं रूप कधीच पाठवत नाही. ऋतुजाने वर लिहिलंय तेच, मधल्या रूपात दोघांनाही आपलं अर्धंच दिसतं.

याला किंमत असते हे कळलं की निम्मे शेरे आपोआप मागे घेतले जातात. उरलेले खरोखर महत्त्वाचे असतात.

आणखी एक. तोच माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उलटं का बोलतो? पहिल्यांदा तो वाचक असतो, त्याला विषय माहीत नसतो किंवा विसरलेला असतो. तिसऱ्या वेळी त्याला परिच्छेद जवळजवळ पाठ असतो, म्हणून तो वाचत नाही, काय नाही ते शोधतो. तेव्हा त्याला सगळंच कमी वाटतं. तुमच्या सरांचं थोडं तसं झालं असणार. म्हणून तिसऱ्या फेरीला ताजा डोळा लागतो. तुमच्याकडे तर सोय आहे, एखाद्या आठवीतल्या मुलीला वाचायला द्या, कागद काढून घ्या आणि विचारा काय वाचलंस. तिने गुलाबी पाणी सांगितलं आणि काचेचं विसरली तर वाक्यांचा क्रम बदला. दोन्ही विसरली तर परिच्छेद अजून भरलेलाच आहे.

---

साहेबांचा_पीए

ताई, पद्धत छान. पण पैसे देणाऱ्याला "यातलं कोणतं वाक्य सोडू" असं विचारायची हिंमत सगळ्यांत नसते. आमच्याकडे असं विचारलं तर "तेवढं तुम्हाला कळत नाही का" असं उत्तर येतं आणि फाइल आठवडाभर तिथेच.

---

निळी_पेन्सिल

खरं आहे. तिथे माझी पद्धत चालत नाही, चाललेली नाही. अशा ठिकाणी मी आधी समन्वयकाकडून एकच नाव काढून घेते: यांनी हो म्हटलं की छापायचं. ते नाव नसेल तर वहीचा उपयोग फक्त आपलं डोकं शांत ठेवायला.

---

ऋतुजा_ह

माझ्या परीक्षकांचं कोणीच सांगितलं नाही :( पण "मागच्या वेळी काय आणि का काढलं" हे उत्तरपत्रात लिहिणार. दोघांची सूचना एकाखाली एक दिली की संपादकाला तरी दिसेल.

---

मेहकरची_माई

मी इकडचीच. एवढा वेळ वाचत होते, आता बोलते.

तुमच्या नव्या परिच्छेदात उल्का आहे, काच आहे, ब्राझील येता येता राहिलं. आमचं लोणार कुठाय? नवरात्रात कमळजा देवीला खाली सरोवराकाठी माणसं उतरतात. दैत्यसूदनाचं मंदिर गावात आहे, त्यावरूनच लवणासुराची गोष्ट सांगतात. शाळेतल्या पोरांना खडकातली काच कोण दाखवणार आहे? देऊळ त्यांनी आजीसोबत पाहिलेलं असतं. "विषय दोनवर आणा" हे ठीक, पण कोणते दोन हे शहरातल्या माणसांनीच ठरवायचं का?

---

खडकफोड

माई, प्रदर्शन भूरूपांचं आहे. मंदिरांचं असतं तर काच काढून मंदिर ठेवलं असतं.

---

मेहकरची_माई

भूरूपावरच तर देऊळ उभं आहे. गोष्ट सांगणाऱ्यांना तो खड्डा दिसला म्हणूनच खाली राक्षस राहतो असं वाटलं ना? मग ते एक वाक्यही खड्ड्याचंच झालं.

---

चहाटळ

माई +१. हा मुद्दा खोडता येत नाहीये मला.

---

वऱ्हाडी_वाट

बापरे, वाचून काढलं. काय केलं ते सांगतो.

समन्वयकांना म्हटलं निरोप जोडू नका, जसेच्या तसे पाठवा. बाईंशी थेट बोललो. "एकमेव" का हवं विचारल्यावर म्हणाल्या, "मुलांना वाटलं पाहिजे की आपल्याकडे काहीतरी वेगळं आहे." निळी_पेन्सिल यांचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं, त्यावर लगेच हो म्हणाल्या. ब्राझीलचं सांगितल्यावर उलट त्यांनाच वाटलं की बरं झालं छापलं नाही.

शेवटचा शब्द सरांचा, असं ठरलं. सरांना दोन रूपं दिली. एकात वयाचे दोन्ही आकडे, दुसऱ्यात वयाचं वाक्य "हे कधी घडले यावर अजून एकमत नाही" एवढ्यावरच थांबवून त्या जागी गुलाबी पाण्याचं कारण पूर्ण. सरांनी दुसरं निवडलं. म्हणाले, मुलांना पन्नास हजार आणि पाच लाख दोन्ही सारखेच. खडकफोड रागावतील.

माईंचं मी अजून सोडलेलं नाही. आठवीतल्या एका मुलीला वाचायला दिलं, तिने पहिल्यांदा "ज्वालामुखी नाही" सांगितलं, मग गुलाबी, आणि मग विचारलं, "पण त्यात राक्षस होता ना?"

---

खडकफोड

रागावलोच. दोन आकड्यांतला तो फरकच या विवराची सगळ्यात रंजक गोष्ट आहे. "एकमत नाही" एवढंच लिहिलं तर वाटतं की कोणाला माहीतच नाही. निदान आकृतीखाली द्या.

---

वऱ्हाडी_वाट

आकृतीखाली एकच ओळ रिकामी आहे. तिच्यावर आता वय आणि लवणासुर दोघांचा दावा आहे.

---

मेहकरची_माई

लवणासुर.

---

खडकफोड

वय.

---

निळी_पेन्सिल

दोन्ही ओळी लिहून सरांकडे पाठवा. आणि नंदूभाऊंना विचारा, २२ पॉइंटला दुसरी ओळ बसते का.

---

फ्लेक्सवाला_नंदू

बसते. पण मी करणार नाही.